प्रतिसाद: यंत्रमाग आधी की पुठ्ठ्याचा माग?

> "डेलच्या शंकूत तळाला प्रत्यक्ष अनुभव आहे. मग पाचवीला विणकाम शिकवताना आधी यंत्रमागाच्या कारखान्यात नेऊ का?"

सर, एडगर डेलनं शिकण्याचे अनुभव तळाला प्रत्यक्ष काम आणि टोकाला नुसते शब्द असे शंकूत रचले. त्या मांडणीत कारखाना बघणं म्हणजे क्षेत्रभेट. ती शंकूच्या मधल्या भागात येते. तळाचा अनुभव म्हणजे मुलानं स्वतः हात घालून केलेलं काम, आणि त्याच्या लगेच वर प्रतिकृती. म्हणजे पुठ्ठ्याचा माग भेटीपेक्षा तळाच्या जवळ आहे.

आपल्या सोलापुरात माग शोधावा लागत नाही, पण चालू यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा इतका झपाट्यानं धावतो की धागा कुठून कसा गेला ते मुलाला दिसतच नाही. खडखडाटात तुमचं बोलणंही ऐकू जात नाही. म्हणून आधी वर्गात पुठ्ठ्याला खाचा पाडून नऊ उभे धागे ताणून द्या. रंगीत आडवा धागा एकावरून, एकाखालून न्यायचा. पुढच्या ओळीत बरोबर उलट. बरीच मुलं प्रत्येक ओळ 'वरून'च सुरू करतात. मग ओळी एकमेकींवर सरकतात, वीण धरतच नाही. लगेच दुरुस्त करू नका, त्यांनाच ओढून बघू द्या.

त्यानंतर कारखान्यात न्या. आता धोट्याऐवजी उभे धागे आळीपाळीनं वर-खाली होताना बघायला सांगा. मग फळ्यावर चौकटींची आकृती: उभा धागा वर असेल ती चौकट काळी. उभ्या-आडव्या धाग्यांसाठीचे 'ताणा-बाणा' हे शब्द सगळ्यात शेवटी.

न विणलेल्या नक्षीची आकृती मुलानं स्वतः भरली, तर समजा जमलं. फक्त व्याख्या म्हणून दाखवली, तर पुन्हा पुठ्ठ्याकडे.

आणि शंकूसोबत सांगितले जाणारे 'ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं' वगैरे आकडे डेलचे नाहीत. १९४६ च्या त्याच्या शंकूत टक्केवारीच नव्हती.