मदत हवी आहे: ‘विका नाहीतर परत करा’ मालाचं बिल कधी?

नमस्कार. पैठणी काठाच्या 60 पर्स 10 जूनला पुण्यातल्या एका दुकानात ‘विका नाहीतर परत करा’ बोलीवर, फक्त डिलिव्हरी चलनावर दिल्या. महिनाअखेरीस दुकानदार विक्रीचा आकडा कळवतात, तेवढ्याचंच मी जीएसटी बिल करते. 38 विकल्या, 22 शिल्लक.

माल पाठवल्यापासून सहा महिन्यांत बिल करावंच लागतं, म्हणजे 10 डिसेंबरच्या आत. दुकानदार म्हणतात, "राहू द्या, लग्नसराईत जातील." पण न विकलेल्या मालावर खिशातून कर कसा भरू?

22 पर्स परतीच्या चलनावर, जुन्या चलनाचा नंबर घालून आणायच्या आणि नव्या चलनावर पुन्हा द्यायच्या, हे चालेल का? की बिल करून नंतर क्रेडिट नोट? दोन पर्सचे काठ उन्हाने विटलेत, त्यांचं नुकसान कोणाचं? कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा.