आयटीपी: आयव्हीआयजीने चढलेल्या प्लेटलेट पुन्हा का उतरल्या? (मदत हवी आहे)

धंतोलीकर: आम्ही नागपूरचे. बहिणीच्या (वय 34) पायांवर बारीक लाल ठिपके उठले, दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. प्लेटलेट 9 हजार, बाकी रक्त नॉर्मल, डेंग्यू निगेटिव्ह. निदान आयटीपी. प्लेटलेटची पिशवी चढवली, दुसऱ्या दिवशी आकडा तिथंच. मग आयव्हीआयजी दिलं, 70 हजारांवर गेल्या आणि तीन आठवड्यांत परत 16 हजार. एवढं महागडं औषध वाया गेलं का? आता प्लीहा काढण्याचंही बोलणं निघालंय. सोनोग्राफीत प्लीहा अगदी चांगली दिसते, मग ती का काढायची?

रामटेकवाला: शरीरात प्लेटलेट बनतच नसतील. माझ्या भावाच्या डेंग्यूत पपईच्या पानांच्या रसाने चढल्या होत्या.

सुनंदामावशी: माझ्या नातवालाही हेच झालं होतं. काही औषध न देता दोन-तीन महिन्यांत बरा झाला. घाबरू नका.

रक्तपेशी: मावशी, लहान मुलांत बहुतेक वेळा तसंच होतं. मोठ्यांत मात्र हा आजार बऱ्याचदा रेंगाळतो. रामटेकवाले, डेंग्यूतल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर आपसूक चढतात, रसाला श्रेय देऊ नका. पण आयटीपीत निर्मितीही थोडी मंदावते, हे तुमचं खरं आहे.

धंतोलीकर, औषध वाया गेलं नाही. बहिणीच्या शरीरातली अँटिबॉडी प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला चिकटते. प्लेटलेट धडधाकट असते, पण अँटिबॉडीचं शेपूट बाहेर राहतं आणि प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी नेमकं तेच धरून तिला गिळतात. एरवी आठ-दहा दिवस जगणारी प्लेटलेट मग काही तासांत किंवा फार तर एक-दोन दिवसांत संपते. पिशवीतल्या प्लेटलेटवरही तेच प्रथिन असतं, म्हणून त्याही गेल्या.

आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या अँटिबॉडी. मॅक्रोफेजच्या पकडी त्यांच्यातच गुंततात आणि प्लेटलेट निसटतात. त्या अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात, म्हणजे तुमचा आकडा हिशोबात बसतो. रक्तस्राव चालू असताना वेळ मिळवून देणं, एवढंच त्या औषधाचं काम.

प्लीहा चांगलीच असते. ती नेमून दिलेलं काम करते, फक्त खुणा चुकीच्या पेशींवर पडल्यात. काढल्यावर साधारण तीनातल्या दोघांना टिकाऊ फायदा होतो. उरलेल्यांत यकृत हेच काम चालू ठेवतं. आधी लशी घ्याव्या लागतात, जंतुसंसर्गाचा धोका पुढे जन्मभर राहतो. म्हणून एरवी निदानानंतर वर्षभर तरी थांबतात, कारण काहींच्या प्लेटलेट तेवढ्यात आपोआप सावरतात.

रामटेकवाला: मग आयटीपीवर देतात ते स्टिरॉइडच वर्षभर घ्यायचं?

रक्तपेशी: नाही, ते शक्य तितक्या लवकर कमी करतात. एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी वेगळ्या बाजूने काम करते: नाश थांबवत नाही, अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट बनवायला लावते. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, काहींना गोळी बंद केली की आकडा पुन्हा पडतो. प्लीहा की गोळी, हे तिच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. तोवर आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळा. अचानक तीव्र डोकेदुखी किंवा काळी शौच झाली तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.

धंतोलीकर: एल्ट्रोम्बोपॅग कालच लिहून दिलंय. तिला सकाळी दूध आणि कॅल्शियमची गोळी लागते. चालेल?

रक्तपेशी: सोबत नको. कॅल्शियम एल्ट्रोम्बोपॅगला आतड्यातच अडकवतं. दूध, दही, कॅल्शियम या सगळ्यांच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर घ्या. रात्री झोपताना घेणं बऱ्याच जणांना सोपं जातं. यकृताच्या तपासण्या मात्र चुकवू नका.

धंतोलीकर: रात्री जेवणात तिचं ताकही असतं. वेळ डॉक्टरांना विचारून इथं लिहितो.