मदत हवी आहे: ॲप परत उघडल्यावरचा स्वागताचा मजकूर लोकांना खटकतोय

खाडीकाठ
परवा नवी आवृत्ती द्यायची आहे, म्हणून थेट विचारतो. आमच्या ॲपमध्ये माणूस काही दिवसांनी परत आला की पहिल्या पडद्यावर स्वागताचा मजकूर येतो. मागचं लक्षात ठेवून लिहिला तर लोकांना आपुलकी वाटेल असा अंदाज होता, झालं उलटंच. पंधरा दिवसांत तिघांनी ॲप काढून टाकलं आणि एका काकांनी फोन करून विचारलं, "माझ्यावर नजर ठेवता काय?" भाषा मवाळ करून पाहिली, नावापुढे "काका", "दादा" लावून पाहिलं, तरी तक्रार तीच. कोणता शब्द बदलू? चांगले नमुने असतील तर टाका, फार वेळ नाही.

माडाखाली
कसलं ॲप, कोण वापरतं, आणि तो मजकूर तरी काय आहे? हे न सांगता शब्द कोणता बदलणार?

खाडीकाठ
आंबा बागायतदारांचं. देवगड-राजापूर पट्ट्यातले लोक फवारणी, तोडणी, गड्यांची मजुरी त्यात नोंदवतात. मजकूर असा होता: "या काका! १९ दिवस दिसला नाहीत. मागच्या वेळी रात्री पीककर्जाची माहिती बघत होतात, ती पुढे बघायची का?"

कातळावरचा
यात चूक काहीच नाही, फक्त परवानगी घ्यायची राहिली आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे ना. सुरुवातीला एक पडदा टाका, "तुमची माहिती लक्षात ठेवू का" असं विचारा, हो म्हणाले की तुम्ही मोकळे. आम्ही तसंच केलं, एकही तक्रार नाही.

माजघर
माझं तारकर्लीला घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. परत येणाऱ्या पाहुण्यांना मी मोबाइलवर निरोप पाठवते, त्याबद्दल विचारताय असं समजून लिहिते. मी वहीत लिहून ठेवते, कोण सोमवारी मासे खात नाही, कोणाला सोलकढी बिनमिरचीची लागते. ते आठवणीने केलं की लोक खूश होतात. पण एकदा चुकले. एका बाईंना लिहिलं, "मागच्या वेळी तुम्ही दोघं आला होतात, यंदाही समुद्राकडची खोली ठेवू?" त्यांचे यजमान मधल्या काळात गेले होते. त्या आल्या, काही बोलल्या नाहीत, पण मला आजही ते वाक्य टोचतं. तेव्हापासून मी जेवणाचं लक्षात ठेवते आणि सोबत कोण होतं ते कधी लिहीत नाही.

सुरंगी
माजघरताई, प्रश्न ॲपचा होता, पण तुमचं उत्तर इथल्या सगळ्यांत जवळचं आहे. जेवण पाहुण्यांनी तुम्हाला स्वतः सांगितलेलं होतं. सोबत कोण आलं ते तुम्ही पाहिलेलं होतं.

खाडीकाठ, तुमचं वाक्य याच कसोटीवर बघा. "१९ दिवस" हे काकांनी सांगितलेलं नाही, तुम्ही मोजलंत. "रात्री" हेही तुम्हीच नोंदवलंत. पीककर्ज तर त्यांनी कुठे लिहिलंच नव्हतं, एक पान उघडून वाचलं एवढंच. म्हणजे जे काही वापरलंत ते सगळं त्यांच्या पाठीमागे उभं राहून बघितलेलं आहे. "बघत होतात" च्या जागी दुसरा शब्द घातलात म्हणून हे बदलणार नाही. माणसाने स्वतः लिहिलेली नोंद त्याला परत दाखवलीत तर ती त्याला त्याच्या वहीसारखी वाटते. त्याने न लिहिलेलं दाखवलंत, की "ह्येका कसा कळला?" हाच प्रश्न पहिला येणार.

फोन करणाऱ्या काकांची शेवटची नोंद काय होती? आणि तो मजकूर दिसला तेव्हा मोबाइल कोणाच्या हातात होता?

कातळावरचा
सुरंगी, परवानगी दिली असेल तर पाठीमागून कसं म्हणता? माणूस हो म्हणालाय.

सुरंगी
परवानगी हवीच, त्यावर माझा वाद नाही. पण ती चार महिन्यांपूर्वी, ॲप घेताना, घाईत दिलेली असते. मजकूर समोर येतो तेव्हा त्या परवानगीची आठवण कोणाला नसते, समोर दिसतं ते फक्त "रात्री बघत होतात". तुमच्याकडे तक्रार आली नाही म्हणता, पण ॲप काढून टाकणारा माणूस सहसा तक्रार लिहीत बसत नाही. परत आलेल्यांपैकी किती जणांनी पहिल्याच पडद्यावरून ॲप बंद केलं, हे कधी बघितलंत का?

कातळावरचा
ते बघितलेलं नाही. बघतो. पण परवानगीचा पडदा मी काढणार नाही.

खाडीकाठ
शेवटची नोंद १२ डिसेंबरची: "वरचा भाग, ४० पैकी २६ कलमं फवारली, पंप बिघडला." ॲप उघडलं ३१ डिसेंबरला. आणि मोबाइल त्यांच्या हातात नव्हता. जेटीवर चहा पिताना चुलतभावाने फोटो बघायला घेतला होता, त्याने ॲप उघडलं. घरात वाटणीचं चालू आहे आणि कर्जाचं कोणाला सांगितलेलं नव्हतं. हे लिहायचं राहिलं, मला ते मजकुराशी संबंधित वाटलं नाही.

माडाखाली
अहो, हेच तर मुख्य होतं!

सुरंगी
आता नेमकं बोलता येईल. पुढच्या कामाला उपयोगी अशी एकच नोंद तुमच्याकडे आहे, पंप बिघडल्यामुळे राहिलेली १४ कलमं. तेवढीच घ्या. मी असं लिहीन: "१२ डिसेंबरची तुमची नोंद: वरचा भाग, ४० पैकी २६ कलमं फवारली. उरलेल्या १४ ची नोंद करायची?" खाली तीन बटणं: "झाली, तारीख टाकतो", "अजून नाही", "हे परत दाखवू नका".

यात "तुमची नोंद" हे शब्द मुद्दाम आहेत, माहिती कुठून आली ते तिथेच कळतं. तारीख नोंदीची आहे. ते किती दिवस आले नाहीत ती मोजणी नाही. पंप बिघडल्याचं मी गाळलं, कारण १९ दिवसांत तो दुरुस्त झाला असणार आणि पुढच्या पायरीला त्याचा उपयोग नाही. "या काका" सुद्धा काढा. रोज भेटणारा माणूस "या" म्हणतो ते वेगळं. इथे त्याच्या मागोमाग लगेच माहिती येते, म्हणून कोणीतरी वाट बघत बसल्यासारखं वाटतं.

पोफळी
विचारायचं कशाला? "१४ कलमं राहिली आहेत, आज फवारून घ्या" असं सरळ सांगा. तुडतुडे वाट बघत नाहीत. माझ्या बागेत गेल्या वर्षी एक फवारणी लांबली आणि अर्धा मोहोर काळा पडला. शिवाय तुमच्या ॲपमध्ये भुरीचे फोटो फार अंधूक आहेत, ते आधी बदला.

सुरंगी
पोफळी, तुडतुड्यांचं खरं आहे. पण ॲपला माहीत आहे ती १२ डिसेंबरची बाग. ३१ ला ती कलमं फवारून झालेली असतील, फक्त नोंद राहिली असेल. किंवा मोहोर पूर्ण फुललेला असेल, आणि तेव्हा फवारणी टाळतात, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या आणि कीटक मरतात. जुन्या आठवणीवरून "आज फवारा" म्हटलं आणि एखाद्याने ऐकलं तर फळधारणेचं नुकसान त्याचं होईल. म्हणून मागची गोष्ट सांगायची ती तारखेसकट, आणि आत्ताची गोष्ट विचारायची. मध्ये अवेळी पाऊस झाला असेल तर तुमच्याकडच्या नोंदीवरून काहीच सांगता येत नाही.

खाडीकाठ
पटलं. पण जेटीवरच्या प्रसंगाचं काय? फोन घरात चार हातांतून फिरतो. आणि आम्ही हाच मजकूर सूचना म्हणूनही पाठवतो, कुलूप लावलेल्या पडद्यावर दिसतो.

सुरंगी
सूचनेचं आधी. अँड्रॉइडवर कुलूपपडद्यासाठी वेगळा साधा मजकूर देता येतो:

```
.setVisibility(NotificationCompat.VISIBILITY_PRIVATE)
.setPublicVersion(saadhiSuchana)
```

पण एवढ्यावर विसंबू नका. फोनला कुलूपच नसेल, किंवा मालकाने सगळा मजकूर दिसू द्यावा असं ठरवून ठेवलं असेल, तर तुमचा खासगी मजकूर पूर्ण दिसतो. गावाकडे बिनकुलपाचे फोन किती असतात ते तुम्हालाच जास्त माहीत. मी आठवणीतली गोष्ट सूचनेत घालतच नाही. सूचनेत फक्त "बागेची नोंदवही" एवढं लिहा, बाकी आत.

आतसुद्धा पैशाचं, आजाराचं, घरातल्या व्यवहाराचं काही पहिल्या पडद्यावर आणू नका, माणसाने स्वतः लिहिलेलं असलं तरी. कर्जाचं पान त्याला हवं असेल तेव्हा तो स्वतः उघडेल, तिथे गेल्यावर "मागे इथपर्यंत वाचलं होतं" अशी खूण ठेवा. मजकूर बाहेर पाठवण्याआधी मी तो चुलतभाऊ शेजारी बसलाय असं धरून मोठ्याने वाचते. मजुरीचा आकडा वाचताना जीभ अडखळली, तर तो आकडा आत जातो.

माजघर
माझी वहीसुद्धा मी ओट्यावर ठेवत नाही, फडताळात असते.

माडाखाली
एक विचारायचं राहिलं. "हे परत दाखवू नका" दाबल्यावर तुमच्याकडे नक्की काय होतं?

खाडीकाठ
खरं सांगायचं तर आत्ता फक्त पडद्यावरची चौकट लपते. नोंद सर्व्हरवर राहते. एकाने ॲप काढून परत घेतलं तेव्हा तीच चौकट परत आली होती. तो त्या तिघांपैकीच एक.

सुरंगी
मग ती तक्रार मजकुराची नव्हतीच. नको म्हटल्यावरही आठवत राहिलात. ही दोन बटणं वेगळी करा. "परत दाखवू नका" म्हणजे नोंदवहीत राहील पण स्वागतात येणार नाही, आणि हा निर्णय फोनवर न ठेवता खात्याबरोबर ठेवा, म्हणजे ॲप परत घेतलं तरी तो टिकेल. "नोंद पुसा" म्हणजे सर्व्हरवरूनही पुसा. आणि कोणती पानं कधी उघडली याची जी यादी साठवताय, ती स्वागतासाठी लागतच नाही. दुसरं काही काम नसेल तर ती साठवणंच बंद करा.

कातळावरचा
ती यादी आम्हीही साठवतो. कशासाठी ते मलाही आता विचारावं लागेल.

खाडीकाठ
काल तिघा बागायतदारांना नवा मजकूर त्यांच्या फोनवर दाखवून आलो. फोन करणारे काका आधी बोलायलाच तयार नव्हते. मग वाचलं, "ही माझीच नोंद" म्हणाले आणि तिथल्या तिथे १४ कलमांची तारीख टाकली, २० डिसेंबर. म्हणजे फवारणी केव्हाच झाली होती. दुसऱ्यांनाही चाललं. तिसऱ्या काकींना मात्र मजकूरच नको. त्या म्हणाल्या, "माका सरळ वही दी." त्यांच्यासाठी स्वागत बंद करायची सोय सेटिंगमध्ये टाकतोय. पानांची यादी आजपासून बंद केली, जुनी पुसायला दोन दिवस लागतील.

एक मात्र सुटलेलं नाही. बऱ्याच बागांचं खातं एकच, पण मुलगा मुंबईत बसून बघतो आणि वडील बागेत नोंद करतात. मुलाला "तुमची नोंद" दिसली तर ती त्याची नाही, आणि "वडिलांची नोंद" लिहिलं तर वडिलांवर लक्ष ठेवल्यासारखं होतं. दोन खाती करा म्हटलं तर वडील पासवर्ड लक्षात ठेवत नाहीत. हे कोणी सोडवलंय का?

पोफळी
आमच्याकडे उलटं आहे, नोंद मुलगा करतो आणि मी बघतो. पण मला कोणी नोंदवलं ते कळलेलंच बरं, नाहीतर गडी आला होता की नाही यावरून भांडण होतं.

सुरंगी
बहुधा "१२ डिसेंबरची बागेची नोंद" एवढंच लिहावं लागेल, कोणाची ते न सांगता. पण मग माहिती कुठून आली ते पहिल्यासारखं स्पष्ट राहत नाही, आणि पोफळींचा मुद्दाही खोटा नाही. दोन-तीन घरांत बाप-लेकाला एकत्र बसवून विचारा आणि इथे लिहा.