‘लिमिट्स बदलणे’ म्हणजे नक्की काय बदलतं?

बारावीची_आई: मुलीच्या क्लासच्या वहीत वाक्य आहे, "आतलं फंक्शन ओळखा, ते t माना आणि लिमिट्स बदला". खाली उदाहरण दिलंय,

∫ x/(16 + x⁴) dx, 0 ते 2

मी बीएस्सी केलंय पण खूप वर्षं झाली. यात कंस नाही, रूट नाही, मग "आतलं" म्हणायचं कशाला? आणि 0 ते 2 प्रश्नातच दिलंय ते आपण बदललं तर प्रश्नच बदलला ना? या शब्दांचा नेमका अर्थ कोणी सांगेल का.

रानवाटा: लिमिट म्हणजे सीमा. x एखाद्या संख्येच्या जवळजवळ जातो, तिथे पोचायची गरज नसते. lim लिहितात ना तेच.

गणितवेडा_सातारा: रानवाटा, ते lim वालं वेगळं, मराठीत दोन्हीला सीमा म्हणतात म्हणून घोळ होतो. इथे लिमिट्स म्हणजे इंटिग्रल कुठून सुरू आणि कुठे संपतो ती दोन टोकं.

ताई, आधी "आतलं" बघू. x⁴ म्हणजे (x²)², म्हणजे x² हे वर्गाच्या आत बसलेलं आहे, फक्त कंस लिहिलेला नाही म्हणून दिसत नाही. आता हेच निवडायचं कशावरून? तर वर एकटा x उभा आहे. x² चं डेरिव्हेटिव्ह 2x, म्हणजे t = x² मानलं की x dx च्या जागी dt/2 येतं आणि खाली 16 + t² उरतं, x कुठेच राहत नाही. वर x नसता, नुसतं 1/(16 + x⁴) असतं, तर आत x² असूनही हे जमलं नसतं. मुलीला सांगा, आधी वर काय आहे ते बघ आणि मग खाली शोध, उलटं केलं की मुलं 16 + x⁴ सगळंच t मानतात आणि अडकतात कारण मग वर x³ लागतो.

टेस्टसिरीज_2: लिमिट्स बदलायच्या भानगडीत पडूच नका. इंटिग्रेट करा आणि 0 आणि 2 टाका, आम्ही तेच करतो.

गणितवेडा_सातारा: अर्धं बरोबर. उत्तर परत x मध्ये आणलंत, म्हणजे (1/8) tan⁻¹(x²/4), तर 0 आणि 2 टाकायला काहीच हरकत नाही. पण t मध्येच ठेवून, (1/8) tan⁻¹(t/4) मध्ये t = 2 टाकलंत तर अंदाजे 0.058 येतं, आणि ते चूक आहे. 0 आणि 2 या x च्या किमती आहेत, t च्या नाहीत. x = 2 असताना t = 4, म्हणून t साठी 0 ते 4, आणि उत्तर (1/8) × π/4 = π/32, साधारण 0.098.

ताई, प्रश्न बदललेला नाही, तीच दोन टोकं t च्या भाषेत लिहिली. ताळा हवा असेल तर x = 0, 1, 2 ला फंक्शन 0, 1/17, 2/32 असं येतं, ट्रॅपेझॉइडने बेरीज 0.090 होते. 0.058 तिथेच बाद होतं.

बारावीची_आई: आता कळलं, धन्यवाद सर. मग टोकं 0 ते 1 असती तर?

गणितवेडा_सातारा: तर t चीही 0 ते 1 च आली असती, आणि लिमिट्स न बदलणाऱ्यालाही बरोबर उत्तर मिळालं असतं. अशी उदाहरणं शिकवायला वाईट, चूक झाकली जाते.

पुणे_इंजि: माझी वेगळी केस. ∫ x² dx, -1 ते 2, मुद्दाम t = x² घेतलं. लिमिट्स 1 ते 4, आत √t/2, उत्तर 7/3. सरळ केलं तर 3. मग लिमिट्स बदलणं दरवेळी चालत नाही का?

गणितवेडा_सातारा: लिमिट्स बरोबरच आहेत, चूक x = √t लिहिण्यात आहे. -1 ते 0 मध्ये x = -√t असतो. तिथे तोडून दोन भाग करा, 1/3 + 8/3 = 3 येईल. आणि ताईंचं उदाहरण -2 ते 2 घेतलं तर t ची लिमिट्स 4 ते 4 येतात, उत्तर शून्य, आणि ते खरंच शून्य आहे, कारण तिथे √t लिहावंच लागत नाही, सगळं थेट x² मध्ये बसतं.

टेस्टसिरीज_2: म्हणूनच म्हणतो x मध्ये परत या, धोकाच नाही.

गणितवेडा_सातारा: इथे परत येणं सोपं होतं म्हणून. x = 2 sin θ सारखं घेतलं की परत येताना त्रिकोण काढत बसावं लागतं, तिथे मी तरी लिमिट्सच बदलतो.

रानवाटा: मग "बदला" ऐवजी "टोकं t मध्ये लिहा" म्हणायला काय हरकत आहे?

पुणे_इंजि: मला "बदला"च बरं वाटतं, छोटं आहे. फक्त खाली नुसतं 0 न लिहिता x = 0, t = 0 असं लिहायची सवय लावली पाहिजे.