‘उद्या करतो’ची मीम्स: नुसती गंमत की सगळ्यांनी मिळून मारलेली थाप?

सागरमाळची सायली:
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट पुढच्या सोमवारी सकाळी ११ला जमा करायचाय. आज शनिवार. सत्तर पानं, चार प्रती, काळं हार्ड बाइंडिंग. आम्ही चौघं आहोत आणि ग्रुपवर रोज तेच मीम पडतं: महिनाभर जमिनीला टेकलेली रेघ आणि शेवटच्या रात्री सरळ आभाळात गेलेली. खाली तीन हसरे चेहरे आणि ‘उद्या करूया’. माझं मत, या मीम्समुळंच काम अडतंय. बंद करा म्हणून सांगू, की मी उगाच बाऊ करतेय?

महाद्वार मंदार:
उगाच बाऊ करताय. मीम बघून कुणी आळशी होत नाही, आळस आधीच असतो. आणि त्या आलेखात खोटं काय आहे? माणसाचं डोकं दाबाखालीच चालतं. शंभर वर्षांपूर्वीच प्रयोगानं सिद्ध झालंय की ताण वाढला की कामगिरी वाढते. शेवटच्या रात्री जे सुचतं ते महिनाभर सुचत नाही. मुदत जवळ आल्याशिवाय हात हलत नाही हा माणसाचा स्वभाव आहे, त्यावर हसायचं नाही तर काय रडायचं?

राजारामपुरीकर:
मंदार, तुम्ही यर्क्स आणि डॉडसनचा १९०८चा प्रयोग म्हणताय. तो उंदरांवर होता आणि तुम्ही त्याचा अर्धाच भाग सांगितलात. योग्य खोका ओळखायला शिकवायचं आणि चुकलं की विजेचा झटका द्यायचा, असा तो प्रयोग. ओळखणं सोपं होतं तेव्हा झटका जोरदार असला तरी उंदीर लवकर शिकले. ओळखणं अवघड केलं तेव्हा मात्र जोरदार झटक्यानं शिकणं मागं पडलं, मध्यमच बरा ठरला. पानांना क्रमांक घालणं दाबाखाली होईल. निष्कर्षाचं प्रकरण लिहिणं हे अवघड ओळखण्यातलं काम, ते दाबाखाली बिघडतं.

पण सायली, तुमच्या आलेखातली खरी चूक वेगळीच आहे. ‘शेवटची रात्र’ त्यात चुकीच्या जागी काढलीय. सोमवारपासून उलटं मोजत या. जमा सोमवारी ११ला. बाइंडिंग होऊन प्रती शनिवारी हातात हव्यात, रविवारचा भरवसा धरायचा नाही. म्हणजे कागद गुरुवारी संध्याकाळी बाइंडरकडे. त्याआधी प्रमाणपत्राच्या पानावर गाइड आणि विभागप्रमुख दोघांच्या सह्या, त्याला गुरुवारचा अख्खा दिवस ठेवा, कारण एक जण वर्गात असतो तेव्हा दुसरा मीटिंगमध्ये. प्रिंट बुधवारी. चौघांच्या फायली जोडून, वाचून, अनुक्रमणिका बसवायला मंगळवार. म्हणजे लिखाण सोमवारी रात्री संपलं पाहिजे, आणि तो सोमवार जमा करायचा नव्हे, परवाचा. तुमची शेवटची रात्र परवा आहे.

मीममध्ये फक्त स्वतःच्या हातातला वेळ धरलेला असतो. तुम्ही रात्रभर जागून टायपिंगचा वेग वाढवाल, पण सही, रांग आणि खळ वाळणं यांचा वेग तुमच्या जागण्यानं वाढत नाही.

खळ आणि पुठ्ठा:
बाइंडिंगचं बोललात म्हणून सांगतो. स्पायरल पाहिजे असेल तर उभ्या उभ्या देतो. हार्ड बाइंडिंग वेगळं असतंय. पानं शिवायची, पाठीला खळ लावायची, पुठ्ठ्यावर रेक्झिन चढवायचं, आतली कोरी पानं चिकटवायची आणि मग रातभर वजनाखाली दाबून ठेवायचं. ओलं असतानाच उचललं तर दोन दिवसांत पुठ्ठा कमानीगत वाकतोय आणि आतल्या पानावर फुगे येतात. पोरं म्हणतात, पंख्याखाली वाळवून द्या की. पंख्यानं वरचं वाळतंय, आतली खळ ओलीच राहती, म्हणून तर वाकतंय.

सोनेरी अक्षरं वेगळी उठवावी लागतात. नावात चूक निघाली तर खोडता येत नाही, नवीन रेक्झिन चढवायला लागतंय. म्हणून वरचा मजकूर फोनवर सांगू नका, कागदावर लिहून त्याखाली चौघांनी सह्या करून द्या. आणि एप्रिल-मे मध्ये सगळी कॉलेजं एकाच आठवड्यात येतात, तेव्हा एका दिवसाचं काम तीन-चार दिवसांवर जातंय.

कागलचा गुऱ्हाळवाला:
आमच्यात ही भानगडच नाही. ऊस तुटला की दिवसाच्या आत चरकात गेला पाहिजे. ठेवला तर साखर फुटती आणि मग काहिलीत किती बी आटवा, गूळ नीट बसत नाही, ढेप चिकट राहती. रस काढून ठेवून सकाळी आधण देतो म्हणणारा गुळव्या मी तर बघितला नाही. पोरांना चार दिवस गुऱ्हाळावर पाठवा, उद्या म्हणायचं विसरतील. मोबाइल काढून घ्या, सगळं त्याच्यामुळं चाललंय.

शाहूपुरीची अनघा:
काका, प्रश्न मोबाइल काढून घ्यायचा नाहीये, त्या मीमनं नुकसान होतं का असा आहे. आणि मला वाटतं, होत नाही. चालढकल करणारा माणूस कामाला घाबरलेला असतो. सिरॉइस आणि पिचिल यांनी २०१३ साली हेच मांडलं की हा वेळेच्या हिशोबाचा प्रश्न कमी आणि नकोसं वाटणं टाळायचा प्रश्न जास्त. फाईल उघडली की पोटात गोळा येतो, बंद केली की सुटतो, म्हणून ती बंदच राहते. अशा माणसाला ‘सगळ्यांचं असंच आहे’ हे दिसलं तर गोळा थोडा कमी होतो. २०१०च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. अपराधीपणानं माणूस कामापासून आणखी लांब पळतो. सायली, मीम बंद करा म्हणालीस तर तिघं तुझ्यापासूनही लांब जातील.

राजारामपुरीकर:
तो अभ्यास मला मान्य आहे. पण त्यात माफी चुकीनंतर आली. इथं काम न करताच आधी माफी वाटली जातेय, आणि तीही एकमेकांना. मला त्यातला ‘उद्या’ हा शब्द टोचतो. चौघांपैकी एकानं ‘उद्या करूया’ म्हटलं की बाकी तिघांना ‘तुझं तिसरं प्रकरण कुठपर्यंत आलं?’ असं विचारायची सोय राहत नाही, कारण विचारणाऱ्याचंही झालेलं नसतं. थाप सगळ्यांची असली की ती उघडी पाडण्यात कुणाचाच फायदा नसतो.

गुऱ्हाळवाल्या काकांचं उदाहरण मला पटलं, मोबाइलचं सोडून. रस आंबला की वासावरून कळतं, गूळ बसला नाही की दिसतं. अर्धवट रिपोर्टचं आंबणं बाहेरून दिसत नाही. फाईलला नाव ‘फायनल’ असतं आणि आत दोन पानं असतात. म्हणून मी म्हणेन, मीम राहू द्या, पण त्याखाली प्रत्येकानं आपली फाईल आज जशी आहे तशी टाकायची. पानं दोन तर दोन.

महाद्वार मंदार:
उंदरांचं मान्य, अर्धंच सांगितलं मी. पण उलटं मोजून काय होणार? लोक तसंही चुकीचंच मोजतात. तुम्ही सोमवार म्हणाल, होणार बुधवारी.

राजारामपुरीकर:
हे मात्र खरं आहे. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५. वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला, कारण माणूस पुढचं काम डोळ्यासमोर आणतो, मागचं काम किती लांबलं होतं ते मोजत नाही. म्हणून अंदाज करू नका. कालचं एक पान लिहायला किती वेळ लागला तो बघा आणि उरलेल्या पानांनी गुणा. पानाला चाळीस मिनिटं लागली आणि अठरा पानं उरलीत, तर बारा तास झाले. आज सहा, उद्या सहा.

मंगळवारचं कामही हलकं समजू नका. चार फायली जोडल्या की नेहमी तेच बिघडतं. एकानं मथळे नुसते ठळक केलेले असतात, `Heading 1` दिलेलं नसतं, त्यामुळं अनुक्रमणिकेत त्याचं प्रकरणच येत नाही. दोघांच्याही फायलीत आकृती ३.१ असते. आणि बाइंडिंगसाठी डावीकडं दीड इंच समास सोडायचा राहिलेला असतो. तो शेवटी वाढवला की सत्तर पानांची सहज पंच्याहत्तर होतात आणि अनुक्रमणिकेतले आकडे जुनेच राहतात. म्हणून समास पहिल्यांदा, मग मथळे, मग `Ctrl+A` आणि `F9`, विचारलं तर `Update entire table`. दुकानात नेताना वर्ड फाईल नेऊ नका, पीडीएफ न्या. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी त्यांच्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उमटतं आणि ते तुम्हाला प्रिंट हातात आल्यावर कळतं.

शाहूपुरीची अनघा:
फाईल जशी आहे तशी टाकायला लावलं तर ज्याची कोरी आहे तो ग्रुपच सोडेल, ही भीती मला अजून आहे. त्यापेक्षा ‘उद्या’ला वेळ आणि जागा जोडायला सांगा. गॉलविट्झर आणि ब्रँडस्टेटर यांच्या १९९७च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायचा होता. कधी आणि कुठं बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी लिहून घेतलं, त्यांच्यात वेळेत पूर्ण करणारे दुपटीहून जास्त निघाले. ‘उद्या करतो’ नको, ‘उद्या सकाळी सातला, लायब्ररीत, तिसऱ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद’ असं हवं. कोरी फाईल दाखवण्यापेक्षा हे सोपं जातं.

राजारामपुरीकर:
दोन आठवडे हातात असते तर मीही तेच म्हटलं असतं. दोन दिवसांत कोण किती मागं आहे हे आधी कळायला हवं, नाहीतर उरलेलं काम वाटणार कसं?

सागरमाळची सायली:
मीमबद्दल काही बोलले नाही. माझी फाईल टाकली, अकरा पानं, आणि खाली उलटं मोजलेले वार लिहिले. एकानं चार पानांची टाकली. एक जण उद्या सकाळी आठला येतो म्हणालाय. तिसऱ्याचं अजून उत्तर नाही. बाइंडरदादा, प्रमाणपत्राचं पान सोडून बाकीची पानं बुधवारी रात्रीच आणून दिली तर चालतील का?

खळ आणि पुठ्ठा:
आणून ठेवा, पण शिवायला घेणार नाही. प्रमाणपत्र पुढंच असतंय, मागून चिकटवलं तर पान उचकटलेलं दिसतंय आणि घेणारे परत पाठवतात. वरचा मजकूर मात्र बुधवारीच द्या, अक्षरं तेवढी उठवून ठेवतो. गुरुवारी सातच्या आत सह्या झालेलं पान आलं तर शनिवारी दुपारी प्रती घेऊन जावा.