अनुभव धागा: बटण सोडलं तरी दिवा नाचतोच!

पहिल्या प्रोजेक्टमध्ये इनपुट पिननं ज्यांना झुलवलं, त्यांनी इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून.

उनोच्या पिन 2 ला बटण, बटणाचं दुसरं टोक 5 व्होल्टला. दाबलं की दिवा लागायचा, हे ठीक. पण सोडल्यावर तो वाटेल तेव्हा विझायचा आणि तारेजवळ हात नेला की लुकलुकायचा. सीरियल मॉनिटरवर 0 आणि 1 ची नुसती खिचडी. दोन संध्याकाळी प्रोग्राम उलटापालटा केला. शेवटी वैतागून पिन आणि ग्राउंडमध्ये मल्टीमीटर लावला, तर दिवा गपगार! मीटर काढला की पुन्हा नाच. म्हटलं, हा मीटरला घाबरतो की काय?

जुनाखोडकर: घाबरत नाही, मीटरनंच तुमचं काम केलं. बऱ्याच डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध 10 मेगाओहमच्या आसपास असतो. तो पिन आणि ग्राउंडमध्ये आला, म्हणजे नकळत पुल-डाउन लागला.

बटण सुटलं की पिन 0 वर जाईल, असं आपण धरून चालतो. पण 0 म्हणजे ग्राउंडला जोडलेली. तुमची पिन तेव्हा कशालाच जोडलेली नव्हती. ती जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे हाताजवळचा किंवा भिंतीतल्या तारांचा इवलासा परिणामही तिचं व्होल्टेज हलवतो. उनोच्या चिपला 5 व्होल्टवर 1.5 च्या खाली नक्की 0 आणि 3 च्या वर नक्की 1 वाचता येतो. मधल्या पट्ट्यात काय वाचेल याचा भरवसा नाही.

10 किलोओहमचा रोध पिनपासून ग्राउंडला लावा. बटण दाबल्यावर त्यातून जेमतेम अर्धा मिलिअँपिअर वाहील. किंवा रोधच नको असेल तर बटणाचं 5 व्होल्टचं टोक काढून ग्राउंडला लावा आणि आतला पुल-अप चालू करा:

```
pinMode(2, INPUT_PULLUP);
bool dabla = (digitalRead(2) == LOW);
```

फक्त अर्थ उलटतो: दाबलं की LOW.

सोल्डरवेडी: त्या उलटेपणानं मला अख्खी रात्र जागवलं! INPUT_PULLUP लिहिलं, पण बटण 5 व्होल्टलाच ठेवलं. मग कायम HIGH. दाबा, सोडा, काही फरक नाही. मी बटणच खराब म्हणून फेकलं. दुसरं लावलं, तेही "खराब"!

घाईगडबड: अहो एवढं कशाला? बटणाचे संपर्क उड्या मारतात, म्हणून एका दाबात चार-पाचदा मोजलं जातं. `delay(50)` टाका. माझं सुटलं.

जुनाखोडकर: उड्या दाबताना किंवा सोडताना, काही मिलिसेकंदच. इथे तर बटणाला कोणी शिवलंही नाही. delay नं नाच हळू होईल, थांबणार नाही.

घाईगडबड: माझं मात्र चालतंय. तुमचं तुम्ही बघा.

सोल्डरवेडी: तुमच्याकडे रोध आधीच असेल. बोर्डावर लावून मिळणाऱ्या बटणांवर बरेचदा असतो.

लांबतार: माझा किस्सा वेगळा. दाराचा स्विच, सहा मीटर तार आणि आतला पुल-अप. बाजूचा पंखा बंद केला की "दार उघडलं" अशी नोंद! आतला पुल-अप 20 ते 50 किलोओहम, म्हणजे इतक्या लांब तारेला ढिलाच. बाहेरून 4.7 किलोओहम 5 व्होल्टला आणि पिनजवळ ग्राउंडला 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. तेव्हापासून खोटी नोंद नाही. दोन्ही एकदम लावले, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मात्र सांगता येत नाही.

नवशिक्या_27: ईएसपी32 वर 34 नंबरच्या पिनला INPUT_PULLUP लिहिलंय, तरी नाच चालूच. बोर्ड गेला का?

जुनाखोडकर: बोर्ड शाबूत आहे. 34 ते 39 या पिना फक्त इनपुटच्या, त्यांना आतला पुल-अपच नाही. एकतर बाहेरून 10 किलोओहम 3.3 ला लावा (5 ला नको!), नाहीतर पिन बदला.

सेलकंजूष: सगळे 10 किलोओहम म्हणता, पण माझा खिडकीचा सेन्सर नाणे-सेलवर चालतो. खिडकी बंद म्हणजे संपर्क जुळलेला, म्हणजे पुल-अपमधून दिवसरात्र 0.3 मिलिअँपिअर. सीआर2032 मध्ये जेमतेम 220 मिलिअँपिअर-तास. महिन्याभरात सेल मेला. आता 1 मेगाओहम लावलाय. गळती शंभरपट कमी झाली, पण पावसाळी हवेत कधीकधी खोटी नोंद येते. खिडकीच्या संपर्कापर्यंत तार फक्त वीस सेंटीमीटर आहे. मधला कुठला आकडा चालेल? कोणी करून बघितलंय?

लांबतार: 220 किलोओहमवर माझा एक सेन्सर चाललाय, पण तो कोरड्या खोलीत आहे. ओलाव्याचं माहीत नाही.