शब्दचर्चा: पेशीतील ‘भाषांतरण’ नेमके कोण करते?

केतकी: दहावीला विज्ञान शिकवताना प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण हे तीन शब्द एकापाठोपाठ येतात. भाषांतर म्हटले की भाषांतरकार आलाच, मग पेशीत तो कोण, असे एका विद्यार्थिनीने विचारले. सिकलसेल आजारात चूक प्रतिलेखनात होते की भाषांतरणात, हा तिचा दुसरा प्रश्न होता. जाणकारांनी दोन्हींवर लिहावे.

अरुणोदय: प्रतिलेखन हा शब्द मला चपखल वाटतो. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो आणि आरएनएही चारच अक्षरांत, फक्त T च्या जागी U येतो. मोडी कागद बाळबोधीत उतरवला तरी मजकुराची भाषा मराठीच राहते, तसेच हे आहे. भाषा बदलते ती रायबोझोमवर, कारण तिथे तीन-तीन अक्षरांचे कोडॉन वाचून अमिनो आम्लांची साखळी गुंफली जाते. म्हणून भाषांतरकार रायबोझोमच. सिकलसेलमध्ये टीआरएनए चुकीचे अमिनो आम्ल आणून देतो, तेव्हा ती चूक भाषांतरणातली म्हणावी लागेल.

पैलतीर: प्रतिलेखनाबद्दल आपले म्हणणे योग्य आहे, पण सिकलसेलबद्दलचे नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या एमआरएनएची सुरुवात अशी असते:

```
नेहमीचा : AUG GUG CAU CUG ACU CCU GAG GAG
सिकलसेल : AUG GUG CAU CUG ACU CCU GUG GAG
```

सातव्या कोडॉनमध्ये A च्या जागी U आहे. हा बदल मुळात जनुकातच असतो: साच्याच्या धाग्यावर CTC ऐवजी CAC असते आणि प्रतिलेखन त्याची इमानाने नक्कल करते. GUG साठी व्हॅलिन आणणारा टीआरएनएही आपले काम बिनचूक करतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते ते दोन्ही टप्पे अचूक पार पडल्यामुळेच. पुस्तकांत याला सहावे अमिनो आम्ल म्हणतात, कारण आरंभीचे मेथिओनिन नंतर कापून टाकले जाते. वर्गात मोजताना इथे हमखास गोंधळ होतो.

सावली: आमच्या गोंदियात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो. माझ्या भाच्याच्या अहवालात ‘AS’ लिहून आले आहे. म्हणजे त्याचे निम्मे रायबोझोम चुकीचे वाचतात का, आणि वाचन सुधारण्याचे काही औषध आहे का?

पैलतीर: नाही, सावलीताई, त्याच्या रायबोझोममध्ये काहीही दोष नाही. त्याला एका पालकाकडून नेहमीचे जनुक मिळाले आणि दुसऱ्याकडून बदललेले. अस्थिमज्जेतल्या, पुढे तांबड्या होणाऱ्या पेशींत दोन्हींचे एमआरएनए बनतात आणि रायबोझोम दोन्हींपासून साखळ्या तयार करतात. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलिनवर नसतो. त्यामुळे इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये दोन हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि दोन पट्टे दिसतात. AS म्हणजे वाहक. पुढे त्याच्या लग्नाच्या वेळी जोडीदाराचीही तपासणी व्हावी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते.

आता भाषांतरकाराकडे वळतो. 1962 मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. सिस्टीनच्या टीआरएनएला सिस्टीन जोडून झाल्यावर, ते टीआरएनएवर असतानाच, रासायनिक क्रियेने त्याचे अ‍ॅलॅनिनमध्ये रूपांतर केले गेले. रायबोझोमने ते अ‍ॅलॅनिन सिस्टीनच्या जागी निमूटपणे साखळीत बसवले. रायबोझोम कोडॉन आणि अँटीकोडॉन जुळतात का एवढे पाहतो. टीआरएनएच्या दुसऱ्या टोकाला कोणते अमिनो आम्ल आहे, याची खातरजमा तो सहसा करत नाही. ती जोडी जमते आधीच, आणि ती जमवणारी विकरे वेगळी असतात. साधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक, अशी ती वीस असतात. माझ्या मते खरे भाषांतरकार तेच.

केतकी: मग मुलांना या विकराला ‘दुभाषी’ म्हणून सांगितले तर चालेल का? कोडॉनची भाषा आणि अमिनो आम्लांची भाषा, दोन्ही त्यालाच कळतात.

पैलतीर: आवडले असते, पण एक अडचण आहे. अ‍ॅलॅनिन जोडणारे विकर अँटीकोडॉनकडे पाहतच नाही. टीआरएनएच्या दांड्यातली G आणि U यांची एक विशिष्ट जोडी त्याला ओळखीसाठी पुरते. जो शब्द वाचतच नाही, त्याला दुभाषी कसे म्हणावे?

अरुणोदय: सिकलसेलबद्दलचे माझे विधान मागे घेतो. मात्र ‘दुभाषी’ हे नाव मी टीआरएनएलाच देईन, कारण दोन्ही भाषा एकाच वेळी त्याच्याच अंगावर लिहिलेल्या असतात.

पैलतीर: तो वाहून नेतो, निवडत नाही. मी अजून विकराच्याच बाजूने आहे.